पहिल्याच फेरीत तगडा खेळाडू समोर का येतो? मानांकन, बाय आणि ड्रॉचं गणित

जिल्हा किंवा राज्य पातळीवरच्या कुठल्याही स्पर्धेत ड्रॉ लागला की त्याभोवती जमलेल्या पालकांत आणि खेळाडूंत एक तक्रार हमखास ऐकू येते. ‘आमच्या मुलीला नेहमी पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू कशी येते?’, ‘त्याला एक सामना न खेळता पुढे का पाठवलं?’, ‘ड्रॉ कुणी काढला?’ टेनिस, बॅडमिंटन, टेबल टेनिस, कॅरम, जिथे म्हणून बाद पद्धत आहे तिथे हे प्रश्न आहेत. त्यांतले काही रास्त असतात. बहुतेकांचं उत्तर मात्र ड्रॉच्या रचनेतच असतं आणि ते कुणी समजावून सांगत नाही, म्हणून संशय वाढत जातो. ड्रॉ कसा बांधतात, कुणाला कशाचा फायदा मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतं, याचा हा आढावा आहे. आकडे मुख्यतः टेनिसचे घेतले आहेत, कारण त्या खेळात मानांकित खेळाडूंच्या जागा ओळीनिशी ठरलेल्या आहेत. तत्त्व मात्र सगळीकडे तेच.

नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या तर

मानांकनच नको, सगळ्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकून काढा, म्हणजे कुणावर अन्याय नाही, असं वाटणं साहजिक आहे. सुरुवातीला स्पर्धा तशाच होत. या पद्धतीतली खोट दाखवणारा एक माणूस आपल्याला वेगळ्याच कारणासाठी माहीत आहे. ‘अॅलिस इन वंडरलँड’ लिहिणारा लुईस कॅरल, म्हणजे ऑक्सफर्डचा गणितज्ञ चार्ल्स डॉजसन. लॉन टेनिसच्या स्पर्धांत बक्षिसं चुकीच्या माणसांना कशी जातात, हे त्याने १८८३ साली एक पुस्तिका काढून सिद्ध केलं.

त्याचा युक्तिवाद सोपा आहे. ३२ खेळाडू आहेत आणि प्रत्येक सामन्यात जो सरस तोच जिंकतो असं धरू. सर्वोत्तम खेळाडू विजेता होणार, यात शंका नाही. पण उपविजेतेपद दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला मिळेल का? सर्वोत्तम खेळाडूची ओळ सोडली तर ३१ ओळी उरतात. त्यांतल्या १५ त्याच्याच अर्ध्या भागात असतात आणि १६ दुसऱ्या. दुसऱ्या क्रमांकाचा खेळाडू त्या १६ ओळींत पडला तरच अंतिम फेरीपर्यंत पोहोचेल. उरलेल्या १५ पैकी एकीवर पडला तर वाटेतच पहिल्याशी गाठ पडून बाद होईल. म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला त्याच्या हक्काचं बक्षीस मिळण्याची शक्यता ३१ पैकी १६, जेमतेम निम्म्याहून थोडी जास्त.

डॉजसनला बाद पद्धतच मोडीत काढायची होती. ते झालं नाही, कारण बाद पद्धतीइतक्या कमी सामन्यांत विजेता ठरवणारी दुसरी पद्धत नाही. २३ खेळाडू असतील तर २२ सामने पुरतात, कारण प्रत्येक सामना एकालाच घरी पाठवतो आणि विजेता सोडून सगळ्यांना घरी जायचंच असतं. म्हणून पद्धत राहिली आणि तिच्या दोषावर इलाज म्हणून मानांकन आलं. विम्बल्डनमध्ये १९२७ सालापासून खेळाच्या दर्जानुसार पूर्ण मानांकन सुरू झालं. त्याचा हेतू एकच: सर्वांत बलवान मानले गेलेले खेळाडू एकमेकांना लवकर भेटू नयेत. बाकीच्यांना ते लवकर भेटू नयेत, असं मानांकनात कुठेही म्हटलेलं नाही. तक्रारींचं मूळ इथे आहे.

बाय कुठून येते

बाद पद्धतीत प्रत्येक फेरीला खेळाडू निम्मे होतात. शेवटी दोनच उरायचे तर सुरुवातीची संख्या ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुपटीच्या साखळीतली हवी. प्रत्यक्षात नावं येतात २३ किंवा ४१. उरलेली तफावत बायने भरून निघते.

ही तफावत आधीच भरली नाही तर काय होतं, ते पहिल्या विम्बल्डनमध्ये दिसलं. १८७७ सालच्या त्या स्पर्धेत २२ खेळाडू होते. पहिल्या फेरीनंतर ११ उरले, तेव्हा एकाला बाय द्यावी लागली. मग सहा, मग तीन. उपांत्य फेरीत तिघेच असल्याने स्पेन्सर गोर आणि हीथकोट यांचा सामना झाला आणि विल्यम मार्शल न खेळताच अंतिम फेरीत गेला. एवढ्या पुढच्या टप्प्यावर मिळालेली बाय ही फार मोठी देणगी असते. पुढे बॅग्नल-वाइल्ड नावाच्या एकाने सुचवलं की सगळ्या बाय पहिल्याच फेरीत देऊन टाकाव्यात, म्हणजे दुसऱ्या फेरीपासून संख्या आपोआप दुपटीच्या साखळीत बसते. आज सगळीकडे हीच रीत आहे.

हिशेब असा: खेळाडूंच्या संख्येच्या वरची, साखळीतली पहिली संख्या घ्या आणि तिच्यातून खेळाडूंची संख्या वजा करा. २३ खेळाडूंसाठी ३२ ओळींचा ड्रॉ लागतो, म्हणून ९ बाय. २७ असतील तर ५. या बाय मानांकनाच्या क्रमाने दिल्या जातात: पहिली पहिल्या मानांकिताला, दुसरी दुसऱ्याला, आणि पुढे तसंच. मानांकित संपले आणि बाय उरल्या तर उरलेल्या चिठ्ठी टाकून, ड्रॉभर सारख्या पसरतील अशा वाटतात.

बाय आणि वॉकओव्हर यांत गल्लत होते. बाय ड्रॉ लागतानाच ठरलेली असते. वॉकओव्हर नंतर, प्रतिस्पर्धी आलाच नाही किंवा त्याने माघार घेतली, म्हणून मिळतो. ड्रॉ काढणाऱ्याचा त्यात हात नसतो.

२३ खेळाडूंचा एक ड्रॉ

आता एक ड्रॉ प्रत्यक्ष बांधून पाहू. समजा, मुलींच्या टेनिस स्पर्धेत २३ नावं आली. ओळी ३२, मानांकित ८, बाय ९.

पहिली मानांकित ओळ १ वर, म्हणजे अगदी वर. दुसरी ओळ ३२ वर, अगदी खाली. या दोन जागा ठरलेल्या. इथे चिठ्ठी नाही. तिसरी आणि चौथी यांच्यासाठी ओळ ९ आणि ओळ २४ राखलेल्या असतात. कुणी कुठे जायचं ते चिठ्ठीने ठरतं. पाचवी ते आठवी या चौघींसाठी ओळ ८, १६, १७ आणि २५. इथेही चिठ्ठी.

चिठ्ठी का, असा प्रश्न पडेल. तिसरी नेहमी दुसरीच्या बाजूला आणि चौथी नेहमी पहिलीच्या, असं ठरवून टाकता आलं असतं. पण मग क्रमवारी बदलेपर्यंत दर स्पर्धेत त्याच जोड्या उपांत्य फेरीत भेटल्या असत्या. शिवाय तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकातला फरक बहुधा एवढा बारीक असतो की त्यावरून कुणाला पहिलीच्या वाटेत टाकावं, हे न्याय्य ठरत नाही. म्हणून जवळजवळच्या क्रमांकांचा एक गट करून त्यांच्यात चिठ्ठी टाकतात.

आता हे ३२ ओळींचं पान चार-चार ओळींच्या चौकड्यांत विभागा: १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२ आणि असंच खाली. एकूण आठ चौकड्या होतात. राखीव ओळी पुन्हा पाहा: प्रत्येक चौकडीत बरोबर एक मानांकित बसलेली आहे. आठ चौकड्या, आठ मानांकित. ही रचना हेतुपुरस्सर आहे, कारण त्यामुळे मानांकित खेळाडू एकमेकींना उपांत्यपूर्व फेरीआधी भेटूच शकत नाहीत.

आता बाय. पहिल्या आठ बाय आठ मानांकितांना मिळतात: ओळ १ समोरची ओळ २ रिकामी, ओळ ८ समोरची ७ रिकामी, ओळ ३२ समोरची ३१ रिकामी. नववी बाय चिठ्ठीने जाते. समजा ती ओळ १४ वर पडली. उरलेल्या १५ बिगरमानांकित मुलींच्या चिठ्ठ्या काढून त्या उरलेल्या १५ ओळींवर बसतात.

आता पहिली फेरी पाहा. तिच्यात सातच सामने आहेत आणि सातही सामन्यांत दोन्ही बाजूंना बिगरमानांकित मुली आहेत. दुसऱ्या फेरीत आठ सामने. त्यांत आठ मानांकित, सात पहिल्या फेरीच्या विजेत्या आणि ओळ १३ वरची, बाय मिळालेली बिगरमानांकित मुलगी. आठही सामन्यांत एका बाजूला मानांकित, दुसऱ्या बाजूला बिगरमानांकित. अपवाद एकही नाही.

बहुतेकांच्या तक्रारीचं उत्तर या एका ड्रॉमध्ये आहे. या स्पर्धेत कुठलीही बिगरमानांकित मुलगी कुठल्याही ओळीवर पडली असती, तरी तिचा दुसऱ्या फेरीचा सामना मानांकित मुलीशीच झाला असता. चिठ्ठी फक्त एवढंच ठरवते की ती मानांकित आठांपैकी कोण. ओळ ३ वरच्या मुलीला पहिली मानांकित भेटली, हे तिचं दुर्दैव खरं. तशी शक्यता साधारण आठात एक होती. पण ‘दुसऱ्याच फेरीत मानांकित आली’ हे दुर्दैव नव्हे. ते नाव नोंदवलं तेव्हाच ठरलेलं होतं. आणि ओळ १३ वरच्या जिच्या बायचा इतरांना हेवा वाटला, तिला स्पर्धेतला पहिलाच सामना मानांकित मुलीशी खेळावा लागला. बिगरमानांकित खेळाडूला मिळालेली बाय एक फेरी वाचवते, पण कोर्टाचा, वाऱ्याचा, चेंडूचा अंदाज घेण्याची संधीही काढून घेते.

हे फक्त लहान स्पर्धांत होतं असं नाही. इंडियन वेल्स आणि मायामी या मोठ्या व्यावसायिक टेनिस स्पर्धांत एकेरीचा ड्रॉ ९६ खेळाडूंचा असतो आणि ३२ मानांकितांना बाय असते. पहिल्या फेरीतले ३२ विजेते दुसऱ्या फेरीत मानांकितांसमोरच उभे राहतात, सगळेच्या सगळे.

खेळाडू वाढले की चित्र बदलतं. २७ मुली असत्या तर बाय पाचच. त्या पहिल्या पाच मानांकितांना गेल्या असत्या. सहावी, सातवी आणि आठवी यांना पहिल्या फेरीत खेळावं लागलं असतं आणि १९ पैकी तीन बिगरमानांकित मुलींना सलामीलाच मानांकित मिळाली असती. मानांकनं आठऐवजी चारच असती तर निम्म्या चौकड्यांत मानांकितच नसती आणि तिथून एखादी अनोळखी मुलगी मानांकिताचं तोंड न पाहता उपांत्यपूर्व फेरीत गेली असती. म्हणून ड्रॉ पाहताना आधी विचारावं: मानांकनं किती आणि बाय किती? आपली वाट किती खडतर, हे या दोन आकड्यांवरून बरंचसं कळतं.

पूर्ण ड्रॉ आणि ‘आमच्याच वाट्याला’

३२ ओळी पूर्ण भरल्या, एकही बाय नाही आणि मानांकित आठ, तर २४ बिगरमानांकितांपैकी आठ जणांना पहिल्याच फेरीत मानांकित प्रतिस्पर्धी मिळतो. म्हणजे तिघांत एकाला. ग्रँड स्लॅमच्या १२८ खेळाडूंच्या ड्रॉतही प्रमाण हेच: ३२ मानांकित, ९६ बिगरमानांकित, पुन्हा तिघांत एक.

मग सलग तीन स्पर्धांत सलामीलाच मानांकित समोर येण्याची शक्यता किती? एकतृतीयांशचा एकतृतीयांश, त्याचाही एकतृतीयांश: २७ मध्ये एक. एका खेळाडूच्या दृष्टीने हे विरळ आहे. पण एखाद्या राज्यात असे १०० बिगरमानांकित खेळाडू नियमित खेळत असतील, तर त्यांतल्या तीन-चार जणांवर ही वेळ निव्वळ चिठ्ठीने येणारच. त्या तीन-चार घरांत ‘मुद्दाम केलं’ असं वाटतं, उरलेल्या घरांत या गोष्टीची चर्चाही होत नाही. त्यामुळे एका खेळाडूच्या लागोपाठच्या वाईट ड्रॉवरून लबाडी सिद्ध होत नाही. तिची वेगळी चिन्हं असतात. ती पुढे येतील.

आठवा आणि नववा यांच्यातली दरी

मानांकनाची सर्वांत कठोर बाजू त्याच्या सीमारेषेवर दिसते. आपल्या २३ मुलींच्या ड्रॉत आठव्या क्रमांकाच्या मुलीला पहिल्या फेरीत बाय मिळाली, दुसऱ्या फेरीत बिगरमानांकित प्रतिस्पर्धी मिळाली आणि मानांकित समोर आली ती थेट उपांत्यपूर्व फेरीत. नवव्या क्रमांकाच्या मुलीला पहिली फेरी खेळून दुसऱ्याच फेरीत मानांकित मिळाली, कदाचित पहिलीच. दोघींच्या गुणांत फरक एखाद्या सामन्याचा असेल. वाटेतला फरक फार मोठा. शिवाय पुढच्या फेरीचे गुण आठवीला सहज मिळतात, त्यामुळे ती पुढच्या स्पर्धेतही मानांकित राहण्याची शक्यता वाढते.

मानांकनांची संख्या वाढवली की ही दरी खाली सरकते, नाहीशी होत नाही. विम्बल्डनने २००१ साली मानांकनं १६ वरून ३२ केली आणि बाकीच्या ग्रँड स्लॅमही त्याच वाटेने गेल्या. त्यामुळे अव्वल खेळाडूंना तिसऱ्या फेरीपर्यंत दुसरा मानांकित भेटत नाही. सुरुवातीच्या फेऱ्या एकतर्फी होतात, अशी टीका त्यावर झाली. २०१७ साली ग्रँड स्लॅम मंडळाने २०१९ पासून पुन्हा १६ मानांकनांवर जाण्याचा इरादा जाहीर केला, पण नंतर तो सोडून दिला. अव्वल खेळाडूंना किती संरक्षण द्यायचं आणि बाकीच्यांना किती मोकळी संधी द्यायची, हा निवडीचा प्रश्न आहे. गणिताने तो सुटत नाही.

क्रमवारी चुकली की मानांकनही चुकतं

मानांकन क्रमवारीवरून ठरतं आणि क्रमवारी मागच्या काळाची असते. दुखापतीतून परतलेला, वयोगट बदलून वर आलेला किंवा दुसऱ्या राज्यातून आलेला खेळाडू ताकदीने पहिल्या चारांत असूनही बिगरमानांकित असू शकतो. तो चिठ्ठीने कुठेही पडतो आणि कुणाची तरी वाट बिघडवतो.

याचं ठळक उदाहरण २०२४ ची फ्रेंच ओपन. तिथे १४ विजेतेपदं मिळवलेला राफेल नदाल दुखापतींमुळे क्रमवारीत खाली गेला होता. राखीव क्रमवारीवर त्याला प्रवेश मिळाला, पण तिच्यावर मानांकन मिळत नाही. पहिल्याच फेरीत त्याच्यासमोर चौथा मानांकित अलेक्झांडर झ्वेरेव आला. ही चिठ्ठी नदालला महाग पडली आणि तो हरला. झ्वेरेवलाही सलामीला याहून अवघड नाव मिळालं नसतं. मानांकिताला मानांकितांपासून संरक्षण असतं; बलवान बिगरमानांकितापासून नसतं.

मग आयोजकांनी क्रमवारी बाजूला ठेवून अंदाजाने मानांकन द्यावं का? २०१८ मध्ये बाळंतपणानंतर परतलेली सेरेना विल्यम्स फ्रेंच ओपनमध्ये बिगरमानांकित खेळली. त्याच वर्षी विम्बल्डनने, ती क्रमवारीत १८३ वी असताना, तिला २५ वं मानांकन दिलं. ती अंतिम फेरीत पोहोचली, म्हणजे अंदाज चुकीचा नव्हता. पण त्यामुळे क्रमवारीत ३२ वी असलेल्या डॉमिनिका चिबुल्कोवाचं मानांकन गेलं. एकाला न्याय देताना दुसऱ्याच्या कमावलेल्या जागेवर पाय पडतो. विम्बल्डनकडे तो अधिकार आणि जाहीर परंपरा होती. जिल्हा स्पर्धेत हाच निर्णय कुणी तोंडी घेतला, तर तो योग्य असला तरी पक्षपाती वाटतो. तिथे विशिष्ट तारखेची क्रमवारी हाच सुरक्षित आधार आहे, आणि ती तारीख माहितीपत्रकात छापलेली हवी.

आक्षेप केव्हा घ्यावा

ड्रॉ हाती आला की प्रतिस्पर्ध्याचं नाव शोधण्याआधी पाच गोष्टी तपासाव्यात. बायची संख्या हिशेबाने बरोबर आहे का? सगळ्या बाय पहिल्या फेरीतच आहेत का? त्या आधी मानांकितांना, मानांकनाच्या क्रमाने दिल्या आहेत का? पहिला आणि दुसरा मानांकित वेगवेगळ्या अर्ध्या भागांत, तिसरा आणि चौथा उरलेल्या दोन पाव भागांत आहेत का? आणि उरलेल्या बाय वरच्या आणि खालच्या भागांत सारख्या वाटल्या आहेत का? दोन अर्ध्या भागांतल्या या उरलेल्या बायमध्ये एकापेक्षा जास्त फरक असेल, तर कारण विचारायला हवं.

यांतलं काही चुकलं असेल तर आक्षेप रास्त आहे आणि तो पहिला सामना सुरू होण्याआधी, लेखी, रेफरीकडे द्यावा. सामने सुरू झाल्यावर ड्रॉ बदलणं जवळपास अशक्य असतं. जाहीर झालेल्या ड्रॉत नंतर गुपचूप नावं हलवली गेली, हेही गंभीर आहे. मात्र एखाद्या मानांकिताने ऐनवेळी माघार घेतली आणि त्याच्या ओळीवर पर्यायी खेळाडू आला, तर ते नियमातच बसतं, जरी त्या चौकडीतल्या बाकीच्यांची वाट अचानक सोपी झाली तरी. एकाच क्लबचे किंवा जिल्ह्याचे खेळाडू सुरुवातीला एकमेकांना भेटू नयेत म्हणून केलेली अदलाबदलही काही खेळांच्या नियमांत मान्य आहे. टेबल टेनिसमध्ये एकाच संघटनेचे खेळाडू शक्य तितके दूर ठेवतात. तो नियम लागू आहे की नाही, हे आधी विचारून घ्यावं.

या पाचही गोष्टी ठीक असतील आणि चिठ्ठ्या सर्वांसमोर काढल्या गेल्या असतील, तर सलामीला आलेला पहिला मानांकित ही चिठ्ठीचीच गोष्ट आहे. पुढच्या वेळी ती टाळायचा एकच मार्ग खेळाडूच्या हातात आहे: गुण मिळणाऱ्या स्पर्धा निवडून खेळणं आणि सीमारेषेच्या अलीकडे येणं. आठव्या आणि नवव्यातली दरी पाहिली की त्या एका क्रमांकाचं मोल कळतं.

आयोजक संघटनांनी तीन गोष्टी कराव्यात, एवढीच मागणी आहे. मानांकनाची तारीख आणि संख्या आधी छापावी, चिठ्ठ्या खेळाडू-पालकांसमोर काढाव्यात आणि ड्रॉच्या पानावर बायची संख्या लिहावी. जिथे वेळ आणि कोर्ट परवडतात, तिथे पहिल्या फेरीत हरलेल्यांसाठी वेगळा दिलासा ड्रॉ ठेवावा, म्हणजे अव्वल मानांकिताशी हरलेल्या मुलीलाही दुसरा सामना मिळेल. यांतल्या पहिल्या तीन गोष्टींना खर्च जवळपास नाही.